मूकपटाची संकेतव्यवस्था : ‘कालिया मर्दन’च्या निमित्ताने

महाविद्यालयीन वर्गात वा फिल्म सोसायटीच्या खेळात फाळक्यांचा एखादा मूकपट दाखवला की पहिल्या दोन-तीन मिनिटांतच प्रेक्षागृहात हशा पिकतो. पात्रे तुरुतुरु चालतात, हात फेकतात, डोळे विस्फारतात, छातीवर तळवा आपटतात. मध्येच चित्र नाहीसे होऊन अक्षरांची पाटी येते आणि ती वाचून कधीच संपली तरी हलत नाही, किंवा वाचून व्हायच्या आत पळते. हशा ओसरल्यावर आदराचे स्वर सुरू होतात : काळच तसा होता, तंत्र बाल्यावस्थेत होते, अभिनयावर नाटकाची छाप होती. हा आदर त्या हशाइतकाच फसवा आहे असे मला वाटते. दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतकृत्य आहे : अभिनय म्हणजे स्वाभाविक वर्तनाची प्रतिकृती, आणि तिच्यापासून जे ढळते ते ‘अतिरंजित’. ‘अतिरंजित’ हे विशेषण वर्णनाच्या वेषात वावरणारे मूल्यमापन आहे. प्रस्तुत लेखात ते बाजूला ठेवून, मूकपटाचा प्रेक्षक काय पाहत होता आणि काय वाचत होता, याचा शोध प्रामुख्याने एका चित्रपटाच्या आधारे घ्यावयाचा आहे. तो चित्रपट म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’.

परंतु त्याकडे वळण्यापूर्वी आपण ज्याला हसतो ती वस्तू नेमकी कोणती, हे पाहिले पाहिजे. साहित्याचा अभ्यासक पाठचिकित्सा केल्यावाचून संहितेचे विवेचन करीत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र समोर आलेली प्रत हीच संहिता असे आपण सहज मानून चालतो.

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवीत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात आणि त्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चौकटी टिपण्याची वहिवाट होती. म्हणजे स्थूलमानाने एक फूट फिल्म म्हणजे एक सेकंद. ध्वनी आल्यावर ध्वनिपट्टी समगतीने चालणे अपरिहार्य झाले आणि चोवीस चौकटींचा वेग सर्वत्र ठरून गेला. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ लांबी ३७०० फूट सांगितली जाते. सोळाच्या वेगाने ती दाखवली तर एक तास दोन मिनिटे लागतील. चोवीसच्या यंत्रावर चढवली तर एक्केचाळीस मिनिटांत सारे आटोपेल. तीन सेकंदांत सावकाश वर गेलेला हात दोन सेकंदांत वर जातो. ज्या हावभावाचे बळच तो क्षणभर रोखून धरण्यात आहे तो असा घाईने उरकला की त्याचे विडंबन होते. पात्रे तुरुतुरु चालतात त्याचा दोष नटाकडे नाही, दिग्दर्शकाकडेही नाही. तो नंतरच्या यंत्राचा आहे.

या दोषावर एक जुना उपाय होता, तोही घातक. प्रत काढताना दर दुसरी चौकट दोनदा छापावयाची, म्हणजे दोनाच्या तीन चौकटी होऊन सोळाचा हिशेब चोवीसशी जुळतो. काळ बरोबर येतो, पण हालचाल अडखळू लागते. वर जाणारा हात प्रत्येक पायरीवर ठेचकाळतो. दूरचित्रवाणीवर पूर्वी दिसलेल्या कित्येक मूकपटांची ही गत होती. आज अंकीय प्रक्षेपणात वेग हवा तसा ठेवता येतो, परंतु ‘हवा तसा’ म्हणजे कसा, हा प्रश्न उरतोच. छायालेखकाचा हात यंत्रासारखा चालत नसे; पाठलागाचा प्रसंग जलद दिसावा म्हणून तो मुद्दाम हँडल सावकाश फिरवी, आणि चित्रगृहातला ऑपरेटर खेळ लवकर संपवण्यासाठी आपल्या यंत्राचा वेग वाढवी. एका चित्रपटाला एकच खरा वेग असतो, असेही म्हणता येत नाही. अशा वेळी प्रेक्षकाने नटाकडे न पाहता निर्जीव वस्तूंकडे पाहावे. पडणारे पाणी, वर जाणारा धूर, खाली येणारे वस्त्र यांना अभिनय करता येत नाही. ‘कालिया मर्दन’मध्ये यमुना आहे, तिचे पाणी उसळते ते पाण्यासारखे वाटते की उकळल्यासारखे, एवढे पाहिले तरी प्रक्षेपण ठीक आहे की नाही हे उमजते.

चेहऱ्यांवरील रंगलेपनाबाबतही असेच आहे. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला फार आणि तांबड्याला जवळजवळ काहीच संवेदनशील नसे. त्यामुळे आकाश पांढरेफटक येई, आणि ओठ, कुंकू, चेहऱ्यावरची लाली काळवंडून जाई. सावळा वर्ण तर अधिकच गडद होऊन त्यातले भाव बुडून जात. म्हणून चेहऱ्याला पांढरट लेप आणि डोळ्यांना ठसठशीत काजळ लागे. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. तोवर नट मुखवट्यासारखा दिसे, त्याला पुष्कळ अंशी रसायनशास्त्र जबाबदार होते.

एवढी सफाई केल्यावरही काही उरते. वेग बरोबर, प्रत स्वच्छ, तरीही हात मोठा होतो, डोळा मोठा होतो, देह प्रेक्षकाकडे वळतो. आपला खरा विषय हा उरलेला भाग आहे.

‘कालिया मर्दन’ची सुरुवातच मोठी विलक्षण आहे. कथेला हात घालण्यापूर्वी फाळके एक पाटी दाखवतात. पुढे येणारे दृश्य हे एका लहान मुलीने केलेले मुद्राभिनयाचे दर्शन आहे, असा तिचा आशय. मग पडद्यावर चेहरा येतो तो फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिचा. ती त्या वेळी सातेक वर्षांची होती. तो चेहरा कोणाचा आहे हे अजून ठरलेले नाही. त्याला नाव नाही, कथा नाही, भोवती कोणी नाही. त्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि विरतात. त्यानंतर हीच मुलगी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात विरघळावी तशी बाळकृष्णाच्या वेषात आपल्यापुढे उभी राहते, आणि मग गोकुळ सुरू होते.

आजच्या प्रेक्षकाला हा प्रास्ताविक तुकडा म्हणजे लेकीचे कौतुक वाटते. कौतुक त्यात आहेच. पण तेवढेच नाही. फाळके येथे तीन गोष्टी एकदम करतात. अभिनय ही दाखवण्याची गोष्ट आहे, लपवण्याची नव्हे, असे ते उघड सांगतात. भाव ही सुट्या एककांत वाचता येणारी चिन्हे आहेत, याची ते प्रेक्षकाला उजळणी करून देतात. जणू चित्रपटाच्या आरंभी लिपीचा तक्ताच टांगून ठेवतात. आणि जी मुलगी आहे तीच कृष्ण होते, हे रूपांतर आपल्या डोळ्यांदेखत घडवून ‘ही मुलगी खरोखर कृष्ण आहे असे समजा’ या वास्तववादी कराराची गरजच ते संपवून टाकतात. यापुढे मंदाकिनी कृष्णासारखी वागते की नाही हा प्रश्न गैरलागू ठरतो. ती कृष्ण दाखवते. दोन्ही रूपे प्रेक्षकाला एकाच वेळी ठाऊक असतात, आणि रस या जाणतेपणातून निर्माण होतो.

या रीतीला नाव देण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. भरताने नाट्याचे दोन धर्म सांगितले आहेत : लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. लोकाच्या वर्तनाला धरून चालणारा प्रयोग तो लोकधर्मी; संकेतांच्या, लीलायुक्त अंगहारांच्या, रूढीने ठरलेल्या अर्थांच्या आधारे चालणारा तो नाट्यधर्मी. पाश्चात्त्य अभ्यासकही अलीकडे जवळपास याच भेदापर्यंत आले आहेत. रॉबर्टा पिअर्सन यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथात ग्रिफिथच्या बायोग्राफ कंपनीतील १९०८ ते १९१३ या काळातील लघुपटांचा अभ्यास करून दोन अभिनयसंहिता वेगळ्या केल्या. पहिलीत प्रत्येक हावभाव सुटा, रुंद आणि क्षणभर रोखलेला असतो आणि त्याचा अर्थ रंगभूमीच्या परंपरेने ठरलेला असतो. दुसरीत एकातून दुसरा हावभाव निघतो, हातातल्या वस्तूशी चाळा होतो, बारीक तपशिलातून स्वभाव उलगडतो. ग्रिफिथच्या चित्रपटांत पाच वर्षांत पहिलीकडून दुसरीकडे जाण्याचा प्रवास दिसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा भेद मला उपयुक्त वाटतो, पण भरताच्या जोडीशी तो तंतोतंत जुळत नाही. पिअर्सन यांच्या मांडणीत एक संहिता जाते आणि दुसरी येते. काळाला दिशा आहे. भरताच्या मांडणीत दोन्ही धर्म एकाच प्रयोगात शेजारी नांदतात, आणि कुठे कोणता वापरावा हा औचित्याचा प्रश्न असतो. ‘कालिया मर्दन’ समजून घ्यावयास मला दुसरी मांडणी अधिक कामाची वाटते, आणि त्याचे कारण चित्रपटातच आहे.

एक प्रसंग पाहू. रात्री कृष्ण एका सधन गृहस्थाच्या घरात शिरतो. नवरा-बायको गाढ झोपलेली. कृष्ण नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस एकमेकांना बांधून ठेवतो. ती दोघे जागी होतात आणि ओढाताण सुरू होते. या प्रसंगात मुद्राभिनयाचा तक्ता फारसा लागत नाही. गंमत आहे ती कृतीत, हातातल्या गाठीत, दुखणाऱ्या हनुवटीत. वाडीवस्तीवर कोणाचीही फजिती व्हावी तशी ती होते. ही सरळसरळ लोकधर्मी रीत आहे. याच चित्रपटात पुढे कृष्ण डोहात उतरतो आणि तीरावर यशोदा, नंद आणि गोकुळवासी आकांत करतात. फाळके पाण्याखालचे युद्ध आणि तीरावरचा शोक आलटून पालटून दाखवतात. तीरावरच्या शोकात मात्र हात वर जातात, देह कोसळतात, कपाळ बडवले जाते. येथे कोणाचाही शोक व्यक्तिगत नाही. यशोदा कशी रडेल याचा शोध नटाने घेतलेला नाही. पुत्रशोकाची जी मुद्रा कीर्तनाने, नाटकाने आणि चित्राने ठरवून दिली आहे ती त्याने उभी केली आहे. आणि ती मोठी असण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. कॅमेरा दूर आहे. आठ-दहा माणसे डोक्यापासून पायापर्यंत एका चौकटीत आहेत. पापणीच्या थरथरीने तेथे काही साधणार नाही. खांदा, कोपर, कंबर यांनीच बोलावे लागते. जेथे चेहरा जवळून येतो तेथे फाळके चेहऱ्याला काम देतात, जेथे देह दूर आहे तेथे देहाला. अंतर आणि हावभावाचा आकार यांचे हे गणित मूकपट पाहताना सतत डोळ्यांपुढे ठेवले, तर ‘अतिरंजित’ वाटणारे पुष्कळसे निव्वळ प्रमाणबद्ध आहे असे दिसून येईल.

शेवटी कृष्ण नागाच्या फणेवर उभा राहून वर येतो, तो आपल्याकडे तोंड करून. त्याने तीरावरच्या आईकडे पाहायला हवे होते, असे आजच्या दिग्दर्शकाला वाटेल. परंतु येथे पाहणारे गोकुळ आणि पाहणारे चित्रगृह यांत फरक राहिलेला नाही. आशिष राजाध्यक्ष आणि गीता कपूर यांनी या सन्मुखतेविषयी बरेच लिहिले आहे. देवाचे दर्शन घेण्याच्या आपल्या रीतीशी तिचा संबंध त्यांनी जोडला आहे, आणि तो मला मान्य आहे. मला एवढेच सुचवायचे आहे की ही सन्मुखता चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात, त्या मुलीच्या नामहीन चेहऱ्यातच रुजवलेली आहे. अखेरचा कृष्ण आपल्याकडे पाहतो, कारण आरंभीची मुलगी आपल्याकडे पाहत होती.

आता पाट्यांकडे वळावयास हवे. धंद्यात त्यांना नुसते ‘टायटल’ म्हणत. आजचा प्रेक्षक त्यांना बोलपटातल्या संवादाची बदली समजतो : आवाज नव्हता, म्हणून शब्द लिहून दाखवावे लागत. ही समजूत फक्त एका प्रकारच्या पाटीपुरती खरी आहे. सुरुवातीच्या चित्रपटांत पाटी दृश्याच्या आधी येई आणि पुढे काय घडणार ते सांगून टाकी. संवादाची पाटी नंतर रूढ झाली आणि तिची जागाही हळूहळू पक्की होत गेली : पात्राचे ओठ हलू लागले की चित्र तोडावयाचे, पाटी दाखवावयाची, आणि परत त्याच पात्रावर येऊन ओठ मिटताना दाखवावयाचे. असे केले की बोलणारा कोण याविषयी शंका राहत नाही. हा क्रम चुकला, पाटी अर्ध्या सेकंदाने उशिरा आली, तर समोरचे पात्र बोलले असा भास होतो. प्रती पुनःपुन्हा जोडताना हे अपघात वारंवार घडलेले आहेत.

फाळक्यांच्या पाट्या बहुतांशी पहिल्या प्रकारच्या, म्हणजे आधी सांगणाऱ्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या हयात रिळांत त्या इंग्रजी व हिंदीत आहेत. राजा राजपुत्राला धनुर्विद्या शिकवतो आहे, राजा शिकारीला निघाला, असे त्या सांगतात आणि मग आपण ते पाहतो. आजच्या प्रेक्षकाला यात रहस्यभंग वाटतो. पण हरिश्चंद्राच्या कथेत कोणासाठी रहस्य होते? प्रेक्षकाला कथा पाठ होती. पाटी त्याला बातमी देत नव्हती. अनेक माणसांनी भरलेल्या, स्थिर कॅमेऱ्याने दुरून टिपलेल्या चौकटीत कुठे आणि कशासाठी पाहावे याची ती खूण करीत होती. पिंगुळीचा चित्रकथी हातातले चित्र पुढे धरतो आणि त्यातल्या आकृतींकडे बोट दाखवीत कथा गातो. त्या बोटाचे काम पाटीने केले असे म्हणता येईल. फाळक्यांनी ते तेथून उचलले असा माझा दावा नाही. पाटी सर्वत्रच अशी वापरली जात होती. पण आपल्या प्रेक्षकाला ती परकी वाटली नसावी, याचे एक कारण येथे सापडते.

तरीही एक अडचण राहते, आणि ती लहान नाही. १९११च्या शिरगणतीनुसार देशात साक्षर माणसे शेकडा सहाच्या आसपास होती. शहरी प्रेक्षकांत हे प्रमाण अधिक असणार. तरीही पिटातल्या बाकांवर बसलेल्या बहुतेकांना पाटी वाचता येत नव्हती हे उघड आहे. ज्यांना वाचता येत होते त्यांतही प्रत्येकाची लिपी वेगळी. म्हणून एका पाटीवर दोन, तीन, कधी चार भाषा येत. याचा परिणाम पाटीच्या वेळेवर होतो. दहा-बारा शब्दांची एकभाषी पाटी दहा फूट, म्हणजे सोळाच्या वेगाने दहा सेकंद ठेवली तर पुरते. तीन भाषा असल्या तरी प्रत्येकाला आपलीच वाचायची असते, तेव्हा वेळ तिप्पट लागत नाही. परंतु अक्षरे बारीक होतात, आपली ओळ शोधण्यात क्षण जातात, आणि जो वाचतो तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतो. या मोठ्याने वाचण्यासाठीही वेळ ठेवावा लागे. आज एकट्याने मुकाट्याने वाचणाऱ्याला पाटी रेंगाळते असे वाटते, कारण ती त्याच्या एकट्यासाठी बनवलेलीच नव्हती. काही ठिकाणी तर पडद्याशेजारी उभा राहून प्रसंग समजावून सांगणारा निवेदकच असे. जपानमध्ये त्याचा स्वतंत्र व्यवसाय झाला आणि तेथे त्याला ‘बेंशी’ म्हणत. दक्षिण भारतातही असे निवेदक होते, याची नोंद थिओडोर भास्करन यांनी केली आहे. वाद्यांचा मेळ तर सर्वत्रच असे. मूकपट मुका होता तो फक्त पडद्यावर.

हे एकदा ध्यानात घेतले की हावभाव आणि पाटी या दोन वेगळ्या त्रुटी नसून एकाच वाचनाच्या दोन बाजू आहेत हे कळते. पाटी सर्वांना वाचता येत नसेल तर हावभाव असा हवा की तो पाटीवाचून वाचता येईल. आणि हावभाव सर्वपरिचित मुद्रांचा असेल तर पाटीला मोजके सांगून थांबता येते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही छातीवर आपटलेला तळवा वाचता येतो. ‘कालिया मर्दन’च्या आरंभीचा तो तक्ता अशा प्रेक्षकासाठी किती मोलाचा होता याची कल्पना यावरून करावी.

पाट्यांच्या बाबतीत प्रतीची चिकित्सा विशेष नेटाने करावी लागते, कारण चित्रपटाचा हा भाग सर्वांत आधी बदलला जाई. एक प्रांत सोडून दुसऱ्या प्रांतात प्रत गेली की पाट्या काढून नव्या बसवीत. परदेशी पाठवायच्या निगेटिव्हमध्ये पाटीच्या जागी तिच्या फक्त दोन-चार चौकटी ठेवीत. तिकडच्या माणसाने त्या पाहून आपल्या भाषेत पूर्ण लांबीची पाटी तयार करावी, अशी योजना असे. अशा निगेटिव्हवरून थेट प्रत काढली तर पाटी डोळ्यांपुढून विजेसारखी जाते, आणि अनभिज्ञ समीक्षक दिग्दर्शकाच्या लयीविषयी सिद्धांत मांडू लागतो. हयात प्रतीवरील भाषा ही मूळ भाषा असेलच असे नाही. पाटीवरील वाक्य दिग्दर्शकाचे असेलच असेही नाही. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ची पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील पहिली आणि शेवटची रिळे १९१३ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. १९१३च्या अभिनयाविषयी आपण जे बोलतो ते कदाचित १९१७च्या अभिनयाविषयी असेल.

मूकपटातल्या प्रत्येक हावभावाचे समर्थन करावे, असे मात्र मला म्हणायचे नाही. संकेताने चालणाऱ्या अभिनयातही चांगले-वाईट असतेच. मुद्रा नेमकी धरली, तिला अवधी दिला आणि सोडली, तर ती नाट्यधर्मी. एकामागून एक मुद्रांचा भडिमार केला तर ती केवळ गडबड. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये द. दा. दाबके रंगभूमीवरून आलेले होते, तर तारामती झालेले साळुंके पूर्वी एका उपाहारगृहात कामाला होते. स्त्रीभूमिकेच्या मुद्रा त्यांनी रंगभूमीवर मुरवलेल्या नव्हत्या. त्या त्यांना चित्रणाच्या वेळीच शिकाव्या लागल्या. आपल्या डोळ्यांना त्यांची तारामती ताठर वाटते, ती संकेतामुळे नव्हे, संकेत अंगी न मुरल्यामुळे, असे मला वाटते. हा भेद करता येणे हेच समीक्षेचे काम. ‘सगळेच अतिरंजित’ किंवा ‘सगळेच काळाला धरून’ म्हणणाऱ्याला तो करता येत नाही.

आपल्या मनातली मूकनटाची प्रतिमा मूकपटांनी फारशी घडवलेलीच नाही. ती घडवली ती नंतरच्या विडंबनांनी. १९५२च्या ‘सिंगिंग इन द रेन’ने तर मूकपटाची नायिका म्हणजे कसनुसे हातवारे करणारी बाहुली हे समीकरण जगभर पक्के केले. प्रत्यक्षात १९१९ सालीच, म्हणजे ‘कालिया मर्दन’च्याच वर्षी, ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये लिलियन गिश हिने ओठांचे कोपरे दोन बोटांनी वर ढकलून हसू आणणारी मुलगी उभी केली. बापाने हस म्हटले आणि हसू येत नाही, म्हणून ती ते असे बनवते. हा हावभाव कोणत्याही परंपरागत तक्त्यात नव्हता. तरीही तो चिन्हासारखा सुटा, ठसठशीत आणि पुनरावृत्त आहे. त्याला लोकधर्मी म्हणावे की नाट्यधर्मी, हे ठरवणे अवघड आहे.

आपल्याकडेही दुसरा प्रवाह होता. हिमांशु राय आणि फ्रान्झ ओस्टेन यांचे ‘शिराझ’ (१९२८) आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) हे दोन्ही चित्रपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जीर्णोद्धार करून पुन्हा प्रकाशात आणले आहेत. स्वच्छ प्रतीत आणि योग्य वेगात ते पाहिल्यावर आधीच्या हशाचा मागमूस राहत नाही. ‘प्रपंच पाश’मध्ये द्यूतात कपट करणाऱ्या राजाच्या भूमिकेत स्वतः राय आहेत, त्यांचे बरेचसे काम नजरेने होते, कारण कॅमेरा नजरेपर्यंत पोचलेला आहे. येथे फाळके मागे पडले आणि ओस्टेन पुढे गेला, असा इतिहास लिहिण्याचा मोह होतो. परंतु दोन प्रतींच्या अवस्थेतील अंतर वजा केल्यावर दोन अभिनयांत किती अंतर उरते, हे मोजल्याविना तसे लिहिता येणार नाही. शिवाय ओस्टेनचे चित्रपट युरोपातील बाजारासाठीही होते. तेथल्या प्रेक्षकाला यशोदेच्या शोकाची मुद्रा पाठ नव्हती.

हा प्रश्न सर्वांत अधिक अडतो तो बाबूराव पेंटर यांच्यापाशी. त्यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेला. सावकाराच्या जाळ्यात जमीन गमावून शहराकडे ढकलल्या जाणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ म्हणून प्रत्येक इतिहासग्रंथात याचे नाव येते. कुठलाही देव नाही, चमत्कार नाही, पाठ असलेली कथा नाही. अशा चित्रपटात पाटीने काय सांगितले असेल, कर्जाचा कागद पुढे आल्यावर नटाने हात कपाळाला लावला असेल की नुसताच खाली सोडला असेल, हे पाहणे उद्बोधक ठरले असते. पण आपल्याकडे निर्माण झालेल्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी पूर्ण वा अपूर्ण असे तीसच्या आतबाहेर चित्रपट उरले आहेत, आणि ‘सावकारी पाश’ त्यांत नाही. पेंटरांनी १९३६ साली त्याच कथेवर बोलपट काढला, तो उपलब्ध आहे. परंतु तेथे पात्रे बोलतात, पाट्या नाहीत, आणि हाताला कपाळापर्यंत जाण्याचे कारण उरलेले नाही. १९२५च्या शेतकऱ्याविषयी त्याच्या साक्षीने काही सिद्ध होत नाही.